फोटो पाहून बल्ब ठरवता येतो काय?

दारव्ह्याकडची सून
रंगरंगोटी झाली. ओसरी, माजघर, सयपाकघर अन् देवघर, चारही खोल्यांचे फोटो टाकले आहेत. कुठं पिवळा अन् कुठं पांढरा बल्ब घेऊ, ते फोटो पाहून सांगा. माजघर फारच पिवळं दिसते, म्हणून तिथं पांढरा घ्यायचा विचार आहे. सध्या चारही ठिकाणी एकाच खोक्यातले बल्ब आहेत.

लग्नाचे फोटोवाला, यवतमाळ
एकाच खोक्यातले बल्ब, तरी माजघर पिवळं अन् सयपाकघर पांढरंशुभ्र? ताई, हा फरक खोलीतला नाही, मोबाईलचा आहे. असे फोटो पाहून लोक सल्ले देतात तेव्हा मला राग येतो, कारण नंतर पैसे तुमचे जातात.

माजघराच्या फोटोत दार उघडं आहे अन् बाहेर दिवेलागणीचा निळसर उजेड आहे. मोबाईलनं त्या उजेडाला पांढरं मानलं, म्हणून आतला बल्ब पिवळाधम्मक आला. सयपाकघराचं दार बंद होतं, तिथं त्यानं बल्बलाच पांढरं मानलं. वीस वर्षं हळदीच्या साड्यांचे रंग सांभाळतो आहे, ही खोड मला पाठ आहे.

अंधार पडल्यावर पुन्हा काढा. कॅमेऱ्यात Pro मध्ये जाऊन WB, म्हणजे कोणत्या उजेडाला पांढरं मानायचं ते, 5000 वर बांधून टाका. ISO अन् शटरही चारही फोटोंत एकच ठेवा, नाहीतर अंधारी खोली मोबाईल आपोआप उजळ करतो. वहीचा कोरा कागद भिंतीला चिकटवा. मग कागद कागदाशी ताडून पाहा.

इलेक्ट्रिक दुकान, दिग्रस
एवढा खटाटोप काऊन? खोक्यावर 6500K लिहिलं असते तो पांढरा, 3000K तो पिवळा. सयपाकघरात पांढरा, झोपायच्या खोलीत पिवळा. गावात शंभरातले नव्वद पांढराच मागतात. फोटोची गरजच नाही.

लग्नाचे फोटोवाला, यवतमाळ
सयपाकघराचं मान्य. पण भिंतीचं काय? देवघर निळ्या रंगाचं आहे. 3000K मध्ये निळा उजेडच कमी असतो, ती भिंत मळकट हिरवट दिसेल. उलट ओसरीची शेणानं सारवलेली जमीन 6500K खाली राखेसारखी दिसते. फोटोतून बल्बचा रंग कळत नाही, पण भिंत अन् जमीन कोणत्या रंगाची आहे, ते कळते. फोटो त्यासाठी पाहायचा.

सोयाबीनवाला काका
ओसरीत पांढरा लावूच नका! माह्या घरी पावसाळ्यात पांढऱ्या बल्बखाली जेवायला बसलो तर वरणात पाखरं. पिवळा लावला, एकही किडा येत नाही.

कृषी पदविका, आर्णी
एकही नाही हे खोटं आहे काका. कमी येतात, एवढंच. किडे निळ्या अन् जांभळ्या उजेडाकडे जास्त ओढले जातात, पिवळ्या एलईडीत तो कमी असतो. शेतात आपण प्रकाश सापळा लावतो, त्यात पिवळा बल्ब कोणी मुद्दाम शोधून लावते काय?

सोयाबीनवाला काका
मी खोटं बोलून राहिलो? माह्या ओसरीत येऊन पाहा. अन् सापळ्याचं मला शिकवू नका, बोंडअळीसाठी एकरी सापळे मीच लावले.

कृषी पदविका, आर्णी
बोंडअळीचे ते कामगंध सापळे होते काका, त्यात गंधाची गोळी असते, उजेड नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्याकडे आधी साठ वॅटचा गोळा होता काय?

सोयाबीनवाला काका
गोळा होता. तोही पिवळाच होता. त्यालाही पाखरं यायची, हे खरं. बरं, कमी येतात म्हणा. पण वरणात कमी पडली तरी मला फरक पडते.

इलेक्ट्रिक दुकान, दिग्रस
ओसरीत बल्ब दारावर न लावता आतल्या बाजूला भिंतीवर लावा, जेवणाच्या ताटावर काही पडत नाही. हे मी गिऱ्हाइकाला रोज सांगतो, इथं मात्र सगळे रंगावर भांडून राहिले.

दारव्ह्याकडची सून
रात्री साडेआठला काढले, सांगितलं तसं. WB 5000, चारही खोल्यांत वहीचा कागद. चारही कागद सारखेच निळसर आले! म्हणजे माजघर पिवळं नव्हतंच, आमच्याकडे सगळे 6500K च आहेत. खोकं शोधलं, त्यावरही तेच आहे. ओसरीसाठी 3000K आणला, किड्यांचं उद्या पाहीन. सयपाकघर जसं आहे तसंच, कारण मेथी निवडताना पिवळं पान पटकन दिसते.

अडलं ते देवघरात. माजघरातून पिवळा आणून लावून पाहिला, तर सासूबाई म्हणाल्या, भिंत ओली वाटते. पांढऱ्यात त्यांना समईची ज्योत फिकी वाटते.

इलेक्ट्रिक दुकान, दिग्रस
माजघरातून कुठून आणला? तिथं तर पांढराच होता ना?

दारव्ह्याकडची सून
ओसरीसाठी आणलेला आधी माजघरात लावून पाहिला होता, तोच.

लग्नाचे फोटोवाला, यवतमाळ
मधला 4000K मागवा. भिंत निळीच राहील. ज्योतीचं मात्र सांगता येत नाही, तिथं बल्ब बंद ठेवूनच आरती बरी.

इलेक्ट्रिक दुकान, दिग्रस
4000K माझ्याकडे नाही. यवतमाळहून मागवावा लागेल, आठवडा लागते.