पार्किंगच्या सोडतीला पायचे अंक चालतील का?

मुक्ता: आमच्या सोसायटीत 20 सदनिका आहेत आणि पार्किंगच्या जागा 12. चिठ्ठ्या काढल्या की दरवेळी भांडणं, म्हणून यंदा पायचे, म्हणजे 3.14159… या संख्येचे, अंक वापरावेत असं मनात आहे. ते रँडमच असतात ना?

सदाशिव: रँडमच. दशांश चिन्हानंतरचे पहिले दहा लाख अंक घ्या. सगळ्यात कमी आलेला 6 हा 99,548 वेळा, सगळ्यात जास्त आलेला 5 हा 1,00,359 वेळा. पाय नॉर्मल आहे, म्हणजे त्यात सगळे अंक आणि सारख्या लांबीचे अंकगट शेवटी सारख्याच प्रमाणात येतात, हे सिद्ध झालंय, बिनधास्त वापरा.

वैशाली: आकडे बरोबर, पण सिद्ध काहीही झालेलं नाही. जवळजवळ सगळ्या वास्तव संख्या नॉर्मल असतात हे बोरेल या गणितज्ञाने 1909 मध्ये दाखवलं. पाय त्यांतलाच, हे अजून कोणाला दाखवता आलेलं नाही. आणि उद्या दाखवलं तरी मुक्ताताईंचं काम होत नाही. 0.123456789101112… ही संख्या नॉर्मल असल्याचं चँपरनाउनने 1933 मध्ये सिद्ध केलं. पुढचा अंक शाळकरी पोरही सांगेल! शिवाय ती 1999 पर्यंत लिहून थांबलात तर 6,889 अंकांत 1 तब्बल 1,600 वेळा येतो. नॉर्मल असणं म्हणजे अनंतापर्यंत जाताना प्रमाण सारखं होणं. हातातल्या तुकड्याची हमी त्यात नाही.

सदाशिव: सिद्धतेचं माझं चुकलं. पण माझ्या सिम्युलेशनमध्ये पायचे अंक कधी दगा देत नाहीत.

वैशाली: तिथे समोर कोणी डाव खेळत नसतं. सोडतीत असतं.

निखिल: मी पासवर्डला पायमधले सलग 16 अंक घेतलेत. कुठून घेतले ते फक्त मला माहीत. सुरक्षित ना?

वैशाली: सुरुवात पहिल्या दहा लाखांत असेल, तर फोडणाऱ्याला दहा लाखच शक्यता तपासायच्या आहेत. म्हणजे 16 अंकी दिसणारा पासवर्ड खरा सहा अंकी. आजच बदला.

मुक्ता: मग सुरुवातीची जागा सगळ्यांसमोर दोन फासे टाकून ठरवली तर?

वैशाली: मग निकाल फक्त 36. नियम आधी ठरवणारा घरी बसून ते सगळे काढून बघेल आणि सदनिकांना आपल्या सोयीचे क्रमांक देईल. सगळा बेभरवसा फाशांतून येतोय, पायमधून काहीच नाही. त्यापेक्षा एकसारख्या चिठ्ठ्या पारदर्शक बरणीत टाका.

सदाशिव: इथे मी सहमत नाही. चिठ्ठी घडीवरून ओळखली असा आरोप होतोच. पायचे अंक कोणीही घरी पडताळू शकतो. माहिती कूटबद्ध करणाऱ्या ब्लोफिश या पद्धतीच्या सुरुवातीच्या तक्त्यांतही पायचेच अंक आहेत, कारण ते कोणी मुद्दाम निवडले असा संशय घेता येत नाही. फासा दहा वेळा टाका, सुरुवातीच्या सहा कोटींवर जागा होतात.

वैशाली: तेवढ्या शक्यता असतील तर माझी हरकत बरीच कमी होते. फक्त फासा हातात घेण्याआधी सदनिकांचे क्रमांक आणि अंक वाचायची रीत कागदावर लिहून सह्या घ्या: दोन-दोन अंक, 01 ते 20 ठेवायचे, बाकीचे आणि पुन्हा आलेले सोडायचे.

मुक्ता: सह्या घेते. पण तळमजल्यावरचे काका अजूनही चिठ्ठ्याच हव्यात म्हणतायत.