आधी नमस्कार कोणी करायचा?

> "सोसायटीतले काका, मी आधी नमस्कार केला नाही की तोंड फिरवतात. एवढं काय त्यात?"

काका निवृत्त आहेत का? ऑफिसात पन्नाशीचा शिपाईसुद्धा तिशीच्या साहेबाला आधी नमस्कार करतो, कारण तिथे हुद्दा चालतो. निवृत्तीनंतर मानाला आधार उरतो तो फक्त वयाचा. तो नमस्कार चुकला की लागणारच!

आमच्याकडे गावात तिसराच नियम आहे. पारावर मंडळी बसलेली असली की येणाऱ्याने रामराम घालायचा, मग तो सत्तरीचा का असेना. त्यामुळे गावाकडचा माणूस लिफ्टमध्ये आधीपासून उभा असेल, तर आत येणाऱ्याच्या रामरामाची वाट बघतो. शहरातला मोबाइलमध्ये बघत आत शिरतो, आणि याला वाटतं, शिष्ट आहे.

वारीत मात्र ही भानगडच नाही. 'माउली' म्हणत दोघंही एकमेकांच्या पायाशी वाकतात, वय न विचारता.