प्राप्तिकराची आकारणी पुन्हा उघडण्याच्या अधिकाराला आता कोणती मर्यादा उरली आहे?

कोपरीकर, ठाणे: २०१९-२० या आर्थिक वर्षात मी कोपरीचा फ्लॅट ९२ लाखांना विकला. इंडेक्सेशननंतर नफा ३७ लाख राहिला. ऐरोलीत घर घेऊन कलम ५४ खाली तो सर्व करमुक्त दाखवला. २०२२ मध्ये छाननी झाली, दोन्ही करारनामे मागितले गेले, मी दिले आणि विवरणपत्र मान्य झाले. आता फेब्रुवारी २०२६ मध्ये आकारणी पुन्हा का उघडू नये असे विचारणारी कलम १४८ए ची नोटीस आली आहे, की ९२ लाखांच्या विक्रीवर सवलत चुकीची दिली गेली. कायद्यातून ‘रीझन टू बिलीव्ह’, म्हणजे उत्पन्न सुटले असे मानण्यास कारण, हे शब्द गेल्यामुळे अधिकारी कोणतीही आकारणी केव्हाही उघडू शकतात का?

घणसोलीकर: चार वर्षे उलटली आहेत आणि आपण काहीही लपवलेले नाही, तेव्हा नोटीस टिकणार नाही. आधी विवरणपत्र भरावे, नोंदवलेली कारणे मागावीत आणि मग हरकती घ्याव्यात.

करवकील, नौपाडा: घणसोलीकरांचा निष्कर्ष बरोबर निघेल, पण मार्ग जुन्या कायद्याचा आहे. चार वर्षांचे ते बंधन आणि कारणे मागण्याची ती पद्धत एप्रिल २०२१ पासून राहिलेली नाही. आता नोटिशीसोबतच माहिती द्यावी लागते आणि उत्तर आधी जाते.

मुदतीपासून सुरुवात करावी. हे आकारणी वर्ष २०२०-२१ आहे, म्हणजे १४८ए च्या नोटिशीची सामान्य तीन वर्षांची मुदत ३१ मार्च २०२४ रोजी संपली. त्यानंतर पाचव्या वर्षापर्यंत जायचे असेल, तर आकारणीतून सुटलेले उत्पन्न पन्नास लाख किंवा त्याहून अधिक असावे लागते. इथे नोटिशीत ९२ लाखांचा आकडा आहे, पण ती विक्रीची किंमत आहे. कलम ५४ ची सवलत संपूर्ण नाकारली, तरी करपात्र होणारा भांडवली नफा ३७ लाखच राहतो. म्हणून उत्तराचा पहिला परिच्छेद या हिशेबाचा असावा आणि त्याला खरेदीखत, विक्रीचा करारनामा व इंडेक्सेशनचा तक्ता जोडावा.

दुसरा मुद्दा मतबदलाचा, म्हणजे त्याच कागदांवर वेगळे मत बनवण्याचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये केल्व्हिनेटर प्रकरणात म्हटले, की फेरआकारणी म्हणजे फेरविचार नव्हे. नवे ठोस साहित्य हवे. शब्द बदलले तरी हे तत्त्व लागू आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने सीमेन्स फायनान्शियल प्रकरणात २०२३ मध्ये सांगितले. छाननीत प्रश्न विचारला आणि उत्तर मिळाले, तर आदेशात त्याची चर्चा नसली तरी अधिकाऱ्याने विचार केला असे धरले जाते. म्हणून २०२२ चे प्रश्नपत्र आणि आपले उत्तर पोर्टलवरून उतरवून जोडा.

निवृत्त अधिकारी, वाशी: मुदतीचा हिशेब मला मान्य आहे, मतबदलाची ढाल मान्य नाही. एका छाननीत अनेक मुद्दे असतात आणि करारनामा फाइलमध्ये होता म्हणजे तो वाचला गेला असे नाही. समजा ऐरोलीचे घर मुलाच्या नावावर आहे आणि हे लेखापरीक्षणात आढळले. लेखापरीक्षणाची हरकत ही ‘माहिती’ आहे, असे आता कलमातच लिहिले आहे. मग आमचा अधिकारी चुकला, एवढ्यावरून सरकारचा महसूल का बुडावा?

खारघरकर: माझी तर कधी छाननीच झाली नव्हती, विवरणपत्रावर प्रक्रिया झाल्याची १४३(१) ची सूचना फक्त आली होती. मलाही मतबदलाचा मुद्दा मांडता येईल ना?

करवकील, नौपाडा: खारघरकर, नाही. १४३(१) मध्ये अधिकारी मत बनवतच नाही, त्यामुळे बदलायला मतच नसते. आपल्याला मुदत आणि माहितीचा दर्जा यांवरच लढावे लागेल.

वाशीच्या साहेबांना माझे म्हणणे असे, की अधिकाऱ्याची चूक सुधारण्यासाठी कलम २६३ खाली आयुक्तांचा अधिकार आहे आणि त्याला वेगळी मुदत आहे. ती निघून गेल्यावर तेच काम फेरआकारणीच्या कलम १४८ खाली करून घेणे मला अन्याय्य वाटते. पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाने हिंदुस्थान लिव्हर प्रकरणात २००४ मध्ये सांगितले होते, की नोंदवलेली कारणे जशी आहेत तशीच वाचायची, मागाहून शपथपत्राने भर घालायची नाही. ते बंधन कारणे लिहिण्याच्या सक्तीतून आले होते. आज नोटिशीला जोडलेल्या माहितीत ‘रिस्क मॅनेजमेंटनुसार’ एवढी एक ओळ असते, तेव्हा काय तपासायचे हाच प्रश्न पडतो. शिवाय तीन वर्षांनंतरच्या नोटिशीला पूर्वी प्रधान मुख्य आयुक्तांच्या पातळीची मंजुरी लागे, सप्टेंबर २०२४ पासून अतिरिक्त किंवा सहआयुक्तांची पुरते.

निवृत्त अधिकारी, वाशी: मंजुरी खाली आणणे मलाही पटलेले नाही. पण लेखापरीक्षणाची हरकत कायद्यानेच माहिती ठरवली असताना, जुन्या निकालांनी तिला अडवता येईल का, हे निर्विवाद ठरले आहे असे मी मानत नाही.

करवकील, नौपाडा: तिथे वाद आहे, हे मान्य. कोपरीकर, आपल्या नोटिशीत लेखापरीक्षणाच्या हरकतीचा उल्लेख आहे का, हे पाहून सांगा. उत्तराची मुदत नोटिशीतच लिहिलेली असते. त्या तारखेच्या आत ३७ लाखांचा तक्ता पोर्टलवर जायलाच हवा.