कोटेशनमध्ये ओव्हरहेड दोनदा धरलाय, ऑर्डर गेली, आता साहेबांना सांगू कसं? (मदत हवी आहे)

नवा_हिशेबनीस
भोसरी एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये अकाउंट्स बघतो, ८ महिने झाले. ६ व्हीएमसी आहेत. गेल्या महिन्यात एका ब्रॅकेटची ऑर्डर गेली, महिन्याला २००० नग, म्हणजे वर्षाला कोटीच्या आसपास, सगळ्यांची तोंडं पडली होती. आमचा भाव ४२९, दुसऱ्याला ४०८ ला मिळाली असं पर्चेसवाल्याने फोनवर सांगितलं.

परवा साहेबांनी विजेचा दर वाढला म्हणून अवर रेट नव्याने काढायला सांगितला. जुनी शीट उघडली तर मशीनच्या ताशी ६०० रुपयांत ऑपरेटर, वीज, घसारा तर आहेच, पण शेडचं भाडं, सुपरवायझर, क्यूसी, मेंटेनन्सपण आहे. मग ब्रॅकेटचं कोटेशन काढलं: मटेरियल २१०, मशीनिंग १५ मिनिटं म्हणजे १५०, त्यावर फॅक्टरी ओव्हरहेड २०% म्हणजे ३०, झाले ३९०, वर १०% नफा ३९. त्या २०% चा कागद फाइलला होता, त्यात पहिलीच ओळ शेडचं भाडं! खाली सुपरवायझर. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून बराच वेळ नुसता बघत बसलो. ते ३० काढले तर भाव ३९६ येतो, म्हणजे ऑर्डर आपलीच होती.

शीट ज्या काकांनी बनवलीय ते कंपनीत २२ वर्षं आहेत आणि साहेबांचे नात्यातले. माझं बरोबर आहे का आणि बोलू कसं?

पाटील_जीएसटी
इनपुट क्रेडिट घेतलं ना? मटेरियल २१० टॅक्स धरून असेल तर तिथेच चूक आहे.

नवा_हिशेबनीस
नाही हो दादा, टॅक्स सोडूनच आहे, स्क्रॅपचे पैसेपण वजा केलेत.

लेथवाला
ओव्हरहेड दोनदा लागतोच भाऊ, एक फॅक्टरीचा एक ऑफिसचा, सगळीकडे असंच असतं. काकांचं चुकलं असं मला वाटत नाही.

कॉस्टिंग_ताई
लेथवाले, दोन ओव्हरहेड असतात हे खरं, पण तेच भाडं दोन्हीकडे नसतं ना.

हिशेबनीस, तू पण ३९६ ची घाई करू नकोस. त्या २०% च्या कागदात भाडं आणि सुपरवायझर सोडून खाली काय आहे ते वाच. आणि अवर रेट आधी किती होता, कधी बदलला ते शोध. बहुतेक वेळा असं होतं की जुना रेट फक्त मशीनपुरता असतो, बाकीचं टक्क्याने लावतात, मग कोणीतरी रेट नीट काढतं आणि टक्का तसाच राहतो. नंतर लेजरला ताडून बघ: वर्षाचे चाललेले तास घे, त्यातून प्रत्येक खर्च किती वसूल झाला आणि खरा किती होता.

छापखाना
आमच्याकडे प्लेटचा खर्च असाच दोनदा लागत होता, ३ वर्षं. लग्नपत्रिकेवाल्यांनी कधी तक्रार केली नाही 😄

नवा_हिशेबनीस
ताई, अगदी तसंच निघालं. रेट आधी ३८० होता, बँकेच्या लोनच्या वेळी बाहेरच्या माणसाने ६०० करून दिला, काकांनी शीटमध्ये ६०० टाकले आणि २०% ला हात लावला नाही.

गेल्या वर्षी मशीन १८,००० तास चालल्या. रेटमधले भाडं-सुपरवायझर-क्यूसी-मेंटेनन्सचे १७० धरले तर ३०.६ लाख, लेजरला ३१ लाख, म्हणजे ते तिथेच वसूल झालं. पण २०% च्या कागदात खाली ऑफिसचे पगार, ऑडिट फी, बँक चार्जेस पण आहेत, ९ लाख, आणि ते रेटमध्ये कुठेच नाहीत.

कॉस्टिंग_ताई
मग ते ९ लाख धरायलाच हवेत. तासाला ५० झाले, तुझ्या १५ मिनिटांना साडेबारा. ३७२.५० वर १०% लाव, ४०९.७५ येतो. म्हणजे चूक ३० ची नाही, साडेसतराची, नफा धरून सव्वाएकोणीस. ४०८ वाल्याच्या अगदी जवळ, पण ऑर्डर मिळालीच असती असं नाही म्हणता येत. "ऑर्डर तुमच्यामुळे गेली" हे वाक्य तोंडातून काढू नकोस. आधी काकांकडे जा, साहेबांकडे नंतर.

लेथवाला
आणि १८,००० तास यावर्षी भरतील का? मंदीत १२,००० च झाले तर ६०० पण पुरणार नाहीत.

कॉस्टिंग_ताई
हे बरोबर बोललात.

नवा_हिशेबनीस
काकांना दाखवलं. पहिल्यांदा म्हणाले रिजेक्शन त्याच २०% मधून निघतं, म्हणून ठेवलंय. मग स्वतःच कॅल्क्युलेटर घेऊन बसले, दोन वेळा केलं, आणि म्हणाले हा कागद साहेबांकडे मीच नेतो. नेला. साहेबांनी ब्रॅकेटचं विचारलंच नाही, त्यांचा पहिला प्रश्न: मग चालू ऑर्डर ज्या २०% लावून घेतल्यात, त्यांचे भाव कमी करायचे की गप्प बसायचं? आणि रिजेक्शन आता कुठे धरायचं? याला काय सांगू?