मोरॅटोरियममध्ये व्याज भरावं का?

"पदवी झाली, नोकरी लागली. शैक्षणिक कर्जाचा हप्ता वर्षानंतर सुरू होणार. आत्ता भरण्यात अर्थ आहे का?"

आहे. मोरॅटोरियममध्ये हप्ता थांबतो, व्याज नाही. समजा दरवर्षी सुरुवातीला सव्वा लाख असे चार वर्षांत 5 लाख उचलले, दर 10 टक्के. सरळव्याजाने आजवर 1.25 लाख साठलं. पुढच्या वर्षात आणखी 50 हजार, म्हणजे महिन्याला साधारण 4,167.

खरी मेख पुढे आहे. हप्ता सुरू होताना हे 1.75 लाख मुद्दलात मिसळतात आणि त्यावरही व्याज लागतं. 10 वर्षांसाठी 5 लाखांचा हप्ता सुमारे 6,608 बसतो, 6.75 लाखांचा 8,920. फरक 2,312, दहा वर्षांत पावणेतीन लाखांच्या वर!

महिन्याला 4,167 भरलेत तर साठा 1.25 लाखावरच थांबेल आणि हप्ता 8,260च्या आसपास येईल. बोनस मिळालाच, तर मिसळणीच्या तारखेआधी उरलेलंही फेडा. ती तारीख शाखेतून लेखी घ्या. तोंडी सांगितलेली बऱ्याचदा चुकते. पैसे भरल्यावर खातेउतारा काढून 'साठलेलं व्याज' तेवढंच कमी झालंय ना ते पाहा. काही ठिकाणी ती रक्कम आगाऊ हप्ता म्हणून नुसती पडून राहते.