जुनी शेड जुनी दिसायला गंज लागतोच का?

मृण्मयी_के
चाकणच्या एका गोदामाचं बाहेरचं दृश्य करतेय, ब्लेंडर सायकल्समध्ये. शेड दहा वर्षं जुनी, निळा कलर कोटेड पत्रा, भिंत ६० मीटर लांब. दक्षिणेच्या भिंतीत सहा नवीन लोडिंग बे आणि पूर्वेला नवीन जोडशेड. जुनं-नवं वेगळं कळायला हवं म्हणून सर म्हणतात जुन्या भागावर भरपूर गंज टाक. टाकला, तर बंद पडलेली गिरणी दिसायला लागली. पत्र्याला सध्या नॉर्मल मॅप आहे. कॅमेरा ६० मीटरवर, २४ मिमी लेन्स, ३८४० पिक्सेल रुंदी, संध्याकाळचं ऊन. गंज ठेवू की काढू? आणि पत्रा मॉडेल करावाच लागेल का?

टेक्स्चरभाऊ
गंज ठेव, प्रमाण कमी कर. क्लायंट चित्र बघतो तीन सेकंद, तेवढ्यात त्याला 'हे जुनं' असं कळलं पाहिजे. `Pointiness` ने कडा खरवड, `Ambient Occlusion` ने खाचेत मळ भर, काम झालं. आणि पत्रा मॉडेल करायच्या फंदात पडू नकोस. ६० मीटरवरून कोण बघतंय शिरा? उगाच सीन जड होईल. नॉर्मल मॅप जिंदाबाद.

शेडवाला_गिरीश
चौदा वर्षं शेड उभ्या केल्या, आता रेंडर करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गंज काढा. कलर कोटेड पत्र्याच्या रंगाखाली बऱ्याचदा ॲल्युमिनियम-जस्ताचा थर असतो, त्यात ५५ टक्के ॲल्युमिनियम. चाकणच्या हवेत असा पत्रा दहा वर्षांत अंगभर गंजत नाही. त्याचा रंग मरतो. उन्हाच्या बाजूच्या पत्र्यावर हात फिरवला तर बोटांना निळसर पावडर लागते. रेंडरमध्ये ते असं येईल: नव्या जोडशेडला रफनेस ०.३५ आणि भरदार निळा, जुन्या भिंतीला रफनेस ०.६ आणि तोच निळा थोडा पांढुरका. दोन्हीकडे मेटॅलिक शून्य, कारण आपल्याला दिसतो तो रंग, धातू नव्हे. प्रत्यक्षातही त्याच रंगछटेचा नवा पत्रा मागवला तरी जुन्याशी जुळत नाही, सांध्याची उभी रेघ लांबून दिसते. तुमच्या सरांना जुनं-नवं दाखवायचंय ना? ती रेघ दाखवा.

दुसरं म्हणजे पाणी. आपल्याकडच्या बहुतेक शेडला खाली ३ मीटर विटांची भिंत असते आणि पत्रा त्याच्यावर सुरू होतो. तरी निम्म्या रेंडरमध्ये पत्र्याच्या खालच्या कडेला चिखल आणि गंज. चिखल उडतो तो जमिनीपासून फूट-दीड फूट, म्हणजे प्लास्टरवर. पत्र्याच्या खालच्या फ्लॅशिंगवरून गळणाऱ्या पाण्याचे काळे ओघळसुद्धा प्लास्टरवरच उतरतात. पत्र्यावर ओघळ हवेतच, पण ते दोन शिरांच्या मधल्या सपाट भागातून. शिरेच्या माथ्यावरून पाणी वाहत नाही, ती जागा कायम जरा स्वच्छ दिसते. `Noise Texture` ला `Mapping` मधून एक्स ६ आणि झेड ०.२ दिलं की उभे पट्टे मिळतात. मग तो मास्क फक्त सपाट भागावर राहू द्या.

गंज दाखवायचाच असेल तर जिथे लोखंड उघडं पडतं तिथे दाखवा: शटरच्या गाइड चॅनलचं तळाचं टोक, डॉकच्या कडेचा अँगल, कॅनोपीचे वेल्डिंगचे सांधे, शिडी, बोलार्डचा बुंधा. एवढ्यात भागतं. तिथे मात्र मेटॅलिक शून्य आणि रफनेस ०.८५ करायला विसरू नका. मेटॅलिक एकवर राहिलं की गंज तांब्याच्या भांड्यासारखा चमकतो.

टेक्स्चरभाऊ
दादा, साइटवरचं सगळं मान्य. पण ६० मीटरवरून तुमचे हे ओघळ दिसणार आहेत का? मी बोलतोय ते चित्राबद्दल, शेडबद्दल नाही.

शेडवाला_गिरीश
हिशेब करून बघू. २४ मिमी लेन्सने ६० मीटरवर फ्रेममध्ये ९० मीटर रुंदी मावते. भागिले ३८४०, म्हणजे एका पिक्सेलला साधारण २३ मिलिमीटर. शिरांमधलं अंतर २५० मिमी धरलं तर एका शिरेमागे दहा-अकरा पिक्सेल येतात. म्हणजे शीर दिसणार, आणि सपाट भागाएवढा रुंद ओघळ तर नक्कीच दिसणार. स्क्रूची डोकी दिसणार नाहीत, ती सोडून द्या. जुना नालीदार पत्रा असता, ज्याच्या दोन लाटांत ७६ मिमी अंतर असतं, तर तीनच पिक्सेल मिळाले असते. त्याचं अर्ध्या आकाराचं चित्र काढलं की दीड पिक्सेल, मग भिंतीवर रेशमी साडीसारखी लहर उठते. तिथे तुमचा नॉर्मल मॅपचा सल्ला चालला असता, तोही लांबून हळूहळू सपाट होणारा.

इथे अडचण उन्हाची आहे. दक्षिणेची भिंत, संध्याकाळचा सूर्य. वरून पाहिलं तर ऊन भिंतीला जेमतेम १० अंश तिरकं पडतंय असं धरा. २८ मिमी उंच शिरेची सावली आडवी १६० मिमीपर्यंत जाते. दोन शिरांमधला सपाट भाग असतो १८० च्या आसपास, म्हणजे भिंत निम्म्याहून जास्त सावलीत. नॉर्मल मॅप सावली टाकत नाही, तो फक्त उजेडाची दिशा फसवतो. म्हणून ती भिंत प्लास्टिकची वाटते.

आणि जड कशाला होईल? ६० मीटरला २४० शिरा, प्रत्येकीला चार चौकोन. हजारसुद्धा होत नाहीत! एक शीर काढायची आणि `Array` लावायचा. तुमच्या दारातल्या एका झाडाला याच्या शंभरपट पॉलिगॉन असतील.

`Pointiness` बद्दलही सांगतो. ते व्हर्टेक्सवर चालतं. चार चौकोनांच्या शिरेवर त्यातून काही निघत नाही, निघालं तर सगळ्या शिरांवर एकसारखी पांढरी रेघ. आणि सहा मीटर उंचीवर पत्र्याच्या कडा घासायला जातं कोण?

सायली_रत्नागिरी
गिरीशदादा, गंजत नाही हे नका सांगू हं. आमचा काजूचा कारखाना समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे, पत्रा अक्षरशः चाळण झालाय. आणि गंमत म्हणजे सगळ्यात आधी गंजला तो वळचणीखालचा पत्रा, जिथे पाऊस लागतच नाही! उघड्या भिंती अजून बऱ्या आहेत. त्यामुळे मृण्मयी, गंज टाक बिनधास्त, पण वर टाक.

शेडवाला_गिरीश
सायलीताई, तुमचा पत्रा बहुतेक साधा जीआय असणार, आणि हवा खारी. वळचणीचं मात्र अगदी बरोबर. उघड्या भिंतीवरचं मीठ पाऊस धुऊन नेतो, वळचणीखालचं तिथेच बसतं आणि पत्रा खातं. चाकणला मीठ नाही, पण धूळही तशीच बसते. म्हणून कॅनोपीखाली आणि गटाराखाली पत्र्याचा वरचा हातभर पट्टा भुरकट दाखवायचा, त्याखाली पावसाने धुतलेला. ही गोष्ट चित्रात फार कमी जण दाखवतात. गंज मात्र चाकणला नको.

भिवंडी_ट्रान्सपोर्ट
मी चित्रवाला नाही, मुलाने लिंक दाखवली. तुमच्या गोदामासमोर जागा किती सोडलीय ते आधी सांगा. चाळीस फुटी कंटेनर लावलेला ट्रेलर १५-१६ मीटर लांब असतो, त्याला उलटा घ्यायला मोकळं अंगण लागतं. चित्रात लोक सहा दारं काढतात आणि समोर बाग करतात. ड्रायव्हर काय हवेतून उतरवणार?

मृण्मयी_के
काका, अंगण मोठं आहे, बाग नाही :) पण तुम्ही रोज बघता म्हणून विचारते, गाड्या लागून लागून डॉकची नेमकी कुठली जागा खराब होते?

भिवंडी_ट्रान्सपोर्ट
डॉक जमिनीपासून चार फूट. गाडीची मागची बाजू रबराच्या बंपरवर आदळते, तिथे काळं होतं आणि रबराचे तुकडे निघतात. पण सगळेच ड्रायव्हर सरळ लावत नाहीत. डावीकडचा कोपरा आरशात नीट दिसत नाही, म्हणून आमच्या गोदामात दाराच्या त्या बाजूचा पत्रा आणि चॅनल जास्त चेपलेला असतो, कंटेनरच्या वरच्या कोपऱ्याच्या उंचीला. शटरच्या खालच्या पाच-सहा पट्ट्या काळ्या, हाताने आणि पायाने. वरच्या कोऱ्या, कारण दिवसभर गुंडाळलेल्या असतात. आणि जमिनीवर गाडी उभी राहते तिथे तेलाचे डाग. दारासमोर नाही, गाडीच्या इंजिनखाली. म्हणजे दारापासून बरंच पुढे.

शेडवाला_गिरीश
काका, ही माहिती पुस्तकात मिळत नाही. मृण्मयी, तुमचे बे नवीन आहेत म्हणजे बंपर नवे, शटर नवं. मळ तिथे जवळजवळ नकोच. एक बारीक गोष्ट मात्र ठेवा. जुन्या पत्र्यात दार कापताना ग्राइंडरच्या ठिणग्या आजूबाजूला उडतात, लोखंडाचा कीस रंगात रुततो आणि पहिल्या पावसात त्याचे तांबडे ठिपके होतात. कडेला फ्लॅशिंग झाकते, ठिपके तिच्या बाहेर राहतात, दाराच्या खालच्या अंगाला वितभर. तेवढाच गंज सरांना दाखवा.

टेक्स्चरभाऊ
२३ मिलिमीटरला एक पिक्सेल म्हणता आणि ठिपके टाकायला सांगता! आता बोला.

शेडवाला_गिरीश
ठिपका वेगळा दिसणार नाही, पण त्या जागेचा निळा किंचित तपकिरी होईल. जवळचा दुसरा कॅमेरा ठेवलात तर कामी येईल. लांबच्यात नाही टाकले तरी काही बिघडत नाही, हे कबूल.

टेक्स्चरभाऊ
बरं, पत्रा मॉडेल करण्याचं पटलं, सावलीचा मुद्दा बिनतोड आहे. गंजाचं नाही पटलं. माझ्याकडे येणारे क्लायंट शेडवाले नसतात, गुंतवणूकदार असतात. त्यांना रंग पांढुरका पडलेला कळत नाही, ते म्हणतात 'रंग का उडालाय, नीट कर'. गंज बघितला की निदान विचारत तरी नाहीत.

मृण्मयी_के
शिरा `Array` ने केल्या, दीड मिनिटाने रेंडर वाढला, बाकी काही नाही. भिंत एकदम पत्र्याची झाली. गंज काढला, जुन्या भागाचा रफनेस वाढवला, कॅनोपीखाली धुळीचा पट्टा टाकला. सरांना सांध्याची रेघ आवडली, पण म्हणाले 'एखादा ओघळ तरी तांबडा ठेव'. छपराच्या गटाराखाली, डाउनटेक पाइपच्या ब्रॅकेटपाशी ठेवला तर चालेल?

शेडवाला_गिरीश
चालेल. ब्रॅकेट एमएसचा असतो, त्याच्या स्क्रूपासून खाली दोन-अडीच फूट, वर गडद आणि खाली विरत जाणारा. प्रत्येक पाइपला देऊ नका, दोन-तीनच द्या, आणि एकसारख्या लांबीचे नको. सपाट भिंतीवरची झळाळीही तपासा. प्रत्येक पत्रा एक मीटर रुंद असतो आणि शेजारच्याशी तंतोतंत समांतर बसत नाही. दर चार शिरांचा एक गट करून त्याला अर्ध्या अंशाच्या आत इकडेतिकडे फिरवा, मग आभाळाचं प्रतिबिंब तुटक पडेल.

सायली_रत्नागिरी
आणि आमच्या कारखान्याचं कुणी रेंडर केलं तर गंज कमी करायला सांगेन. बँकेला दाखवायचंय.