मदत हवी आहे: फराळाचे नग अडकलेत, काउंटरवर लावायची सूचना कशी लिहू?

नगवाला (सोमवार, १३ ऑक्टोबर २०२५, सकाळी)

नमस्कार मंडळी. इचलकरंजीत माझं कुरिअरचं काउंटर आहे, एका मोठ्या कंपनीची फ्रँचायझी. ७ ते ११ तारखेला बुक केलेले ५८ नग अजून पोचलेले नाहीत. बहुतेक फराळाचे डबे, थोड्या साड्या. निम्म्याहून जास्त पुण्या-मुंबईचे, बाकी बंगळूर-हैदराबाद.

कारण लपवण्यासारखं नाही. कोल्हापूर हबवरून संध्याकाळी सुटणारी गाडी ९ तारखेपासून गच्च भरून जातेय आणि आमच्या पिशव्या मागे राहतायत. सकाळपासून काउंटरला रांग आहे, प्रत्येकाला तेच सांगून घसा बसला. म्हणून सूचना लावायची आहे. मी लिहिलेली ही:

"सणासुदीच्या गर्दीमुळे काही पार्सल पोहोचण्यास विलंब होत आहे. ग्राहकांनी कृपया सहकार्य करावे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

बायको म्हणाली, "ही वाचून कुणी घरी जाणार नाही, उलट आत येऊन भांडेल." खरंय तिचं. नीट कशी लिहू?

कलमबहाद्दर

सोपं आहे दादा. "अपरिहार्य कारणास्तव, कंपनी जबाबदार राहणार नाही" असं एक वाक्य टाका. पावतीच्या मागे भरपाईची मर्यादा छापलेली असतेच. सुप्रीम कोर्टाने १९९६ साली भारती निटिंगच्या खटल्यात ती मर्यादा मान्य केलेली आहे. तुम्ही सुटलात.

पुण्यातली_वहिनी

मी त्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला आहे. आईने डबा पाठवलाय, तुमच्या गावाहून नाही, पण दुखणं तेच. "सहकार्य करावे" वाचलं की डोकं फिरतं. सहकार्य म्हणजे नेमकं काय करू? वाट बघू, का आईला दुसरा डबा करायला सांगू? तेवढं कळलं तरी पुरे.

सीलबंद

भिवंडीच्या हबमध्ये चौदा वर्षं काढली आहेत, त्यातली बरीचशी दिवाळीत रात्रपाळीला. नगवाला, आधी सूचना बाजूला ठेवा आणि एक सांगा. ५८ नगांचं शेवटचं स्कॅन कुठे आहे? हे ५८ एका जातीचे नाहीत. ते वेगळे केलेत की सूचना आपोआप लिहून होईल.

कलमबहाद्दर, तो निकाल खरा आहे, पण अर्धाच सांगितलात. तिथे प्रश्न होता सही केलेल्या पावतीवरची रकमेची मर्यादा पाळायची का, हा. भिंतीवर नंतर चिकटवलेल्या कागदाने जबाबदारी उडते असं त्यात कुठेही नाही. आणि दिवाळीची गर्दी "अपरिहार्य" कशी? ती दरवर्षी कालनिर्णयात छापून येते.

अनारसे

माझा मुलगा न्यू जर्सीला आहे, त्यालाही फराळ पाठवायचाय. तिकडेही असाच उशीर होतोय का? आणि अनारसे एवढे दिवस टिकतील ना?

सीलबंद

अनारसेताई, तुमचं प्रकरण वेगळं. अमेरिकेने २९ ऑगस्टपासून ८०० डॉलरच्या आतल्या मालाची सरसकट शुल्कमाफी काढून टाकली आहे, तेव्हा बुक करण्याआधी शुल्क कोण भरणार ते काउंटरवर विचारून घ्या. वेगळा धागा काढलात तर तिथे बोलू, इथे नगवाल्याची रांग वाढतेय.

नगवाला (दुपारी)

बसून यादी केली. ३९ नग कोल्हापूर हबमध्येच पिशव्यांत पडून आहेत. १६ त्या त्या शहरात पोचलेत पण घरी गेलेले नाहीत, त्यातल्या सहांवर "दार बंद" असा शेरा. आणि ३ नगांना माझ्या काउंटरनंतर एकही स्कॅन नाही. ते तीन बघून पोटात गोळा आला.

सीलबंद

आता एकेक घेऊ.

३९ चं सगळ्यात सोपं. कोल्हापूर तुमच्यापासून तासाभरावर आहे. पिशवी गाडीत चढलेली नाही तोवर नग परत काढता येतो. एकदा ती पुण्याला निघाली की मात्र परतीचा नग त्याच गर्दीतून उलटा येतो आणि दिवाळीनंतर हातात पडतो. म्हणजे तुमच्या ग्राहकापुढे आज पर्याय आहे, उद्या कदाचित नसेल. सूचनेत सगळ्यात वर हेच हवं. ज्याच्या डब्यात ओल्या नारळाच्या करंज्या किंवा नारळाचे लाडू आहेत त्याने आजच परत घ्यावा. चकली, शंकरपाळी, चिवडा कळ सोसतील.

१६ मध्ये गोम वेगळी आहे. "दार बंद" म्हणजे दार बंदच होतं असं नाही. संध्याकाळी डिलिव्हरीवाल्याच्या पिशवीत वीस नग उरले की तो शेरा मारून मोकळा होतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण काही पत्ते ऑफिसचे असतील, आणि लक्ष्मीपूजन २१ ला, भाऊबीज २३ ला, म्हणजे तिथे खरंच कुलूप लागेल. त्या सोळा जणांना फोन करून घरचा पत्ता आणि चालू मोबाइल नंबर घ्या. सूचनेवर विसंबू नका.

३ चं असं की, हबमध्ये पिशवीचं सील स्कॅन होतं, आतला प्रत्येक नग नाही. पिशवीच्या यादीवर हे तीन आहेत का बघा. असतील तर पिशवी उघडेपर्यंत काही कळणार नाही. नसतील तर ते सुटे गेलेत किंवा तुमच्याच रॅकखाली आहेत.

नगवाला

यादीवर एक आहे, दोन नाहीत. रॅकखाली बघितलं. एक छत्री सापडली, नग नाही.

आणि एक कबुली. ९ तारखेच्या रात्री हबच्या पोराने मला फोन करून सांगितलं होतं की पिशव्या राहिल्यात. तरी मी १० आणि ११ ला बुकिंग घेतलं. सीझन आहे, गिऱ्हाईक परत पाठवायचं जिवावर येतं. शिवाय आम्ही घरगुती डबे वजनावर घेतो. अडीच किलोचा चिवड्याचा खोका गाडीत किती जागा खातो याचा विचारच केला नाही.

सीलबंद

४० बाय ३० बाय २५ सेंटीमीटरचा खोका घ्या. गुणाकार ३०,०००. जागेवरून वजन काढायला कुरिअरमध्ये त्याला ५,००० ने भागतात, म्हणजे सहा किलो. तुम्ही पैसे घेतलेत अडीच किलोचे, गाडीत जागा गेली सहा किलोची. असे शंभर काउंटर, मग गाडी भरणारच.

आणि ती कबुली सूचनेत घाला. तीच वाचून लोक आवाज खाली आणतील.

कलमबहाद्दर

अहो, लेखी कबुली? उद्या कुणी ग्राहक मंचात हाच कागद दाखवला तर? मी तर म्हणेन गप्प बसा.

पुण्यातली_वहिनी

ज्याला भांडायचंय तो तारखा पावतीवरून काढेलच. मी तरी खरं सांगणाऱ्याच्या दुकानात परत जाईन. आणखी एक टाका. मला काल मेसेज आला, "पत्ता अपूर्ण, पार्सल थांबवले आहे, पाच रुपये भरा", खाली लिंक. मी अडकलेल्या डब्याच्या काळजीत, जवळजवळ दाबलीच होती.

सीलबंद

वहिनी, लाखमोलाचं बोललात. उशीर झाला की या लिंकवाल्यांचं फावतं. ते सूचनेत हवंच. आणि नगवाला, यादी लावताना नावं, फोन नंबर लावू नका, पावतीचे शेवटचे चार आकडे पुरे.

नगवाला (रात्री)

हे लावतोय. बघा:

"७ ते ११ ऑक्टोबरला आमच्याकडे दिलेले ५८ नग अजून पोचलेले नाहीत. आम्हाला माफ करा.

कोल्हापूरहून जाणारी गाडी भरून जात असल्याने आमच्या पिशव्या मागे राहिल्या. हे आम्हाला ९ तारखेच्या रात्री कळलं होतं, तरीही आम्ही १० आणि ११ ला नग घेतले. ती आमची चूक.

पावतीचे शेवटचे चार आकडे शेजारच्या यादीत बघा.

पहिल्या यादीत असाल तर नग कोल्हापुरात आहे. परत हवा असेल तर मंगळवारी दुपारी १२ च्या आत पावती घेऊन सांगा. आम्ही स्वतः जाऊन आणू, आणण्याचे पैसे घेणार नाही. ओल्या नारळाचे पदार्थ असतील तर परत घ्या, असं आम्ही सुचवतो. परत नको असेल तर नग पुढच्या मिळेल त्या गाडीने जाईल. दिवाळीआधी पोचेलच असं वचन आम्ही देऊ शकत नाही.

दुसऱ्या यादीत असाल तर नग त्या शहरात पोचला आहे. आम्ही तुम्हाला फोन करत आहोत. घेणारा २० तारखेनंतर कुठे असेल तो पत्ता तयार ठेवा.

तिसऱ्या यादीतले तीन नग कुठे आहेत हे आज आम्हाला माहीत नाही. त्या तिघांनी कृपया आत येऊन डब्याचं वर्णन सांगावं.

यादी रोज सकाळी ११ आणि संध्याकाळी ७ ला बदलू. नवा खाऊचा नग गाडी सुरळीत होईपर्यंत घेणार नाही. आम्ही पत्त्यासाठी लिंक पाठवत नाही, पैसे किंवा ओटीपी मागत नाही."

बुकिंगच्या पैशांचं काही लिहिलं नाही. कंपनीला मेल केलाय, उत्तर नाही. माझा वाटा कमिशनपुरताच, ५८ जणांचे पूर्ण पैसे खिशातून देणं झेपणार नाही.

कलमबहाद्दर

पैशांबद्दल न लिहिलंत तेवढं बरं केलंत.

पुण्यातली_वहिनी

मला नाही पटत. "कंपनीला विचारलंय, उत्तर आलं की इथेच लिहू" एवढं तरी टाका.

सीलबंद

वहिनींशी सहमत. कमिशन परत करायचं का हा तुमचा प्रश्न, त्यात मी पडत नाही. तिसऱ्या यादीतल्यांना डब्याचं बाहेरचं रूप विचारा, कापड, रंग, दोरा. आतला माल सगळ्यांचा सारखाच असतो.

नगवाला (मंगळवार, १४ ऑक्टोबर, संध्याकाळी)

वहिनींचं वाक्य खाली पेनने लिहिलं. ३९ पैकी ११ जणांनी नग परत मागितले, भावाची व्हॅन घेऊन आणले. एक काका सूचना दोनदा वाचून म्हणाले, "चूक कबूल केलीस म्हणून सोडतोय." मग पंधरा मिनिटं बोललेच, पण खुर्चीत बसून.

तिघांपैकी एक सापडला! आजीबाईंनी सांगितलं, "पत्र्याचा डबा, वरनं निळ्या चौकड्यांचं कापड शिवलंय, माझ्या जुन्या उशीचा अभ्रा." हबच्या पोराला तेवढंच सांगितलं. बेवारस नगांच्या फळीवर होता. चकलीचं तेल कापडातून झिरपून स्टिकरवर आलं होतं, बारकोडच्या जागी नुसता पिवळा डाग. मशीन वाचणार काय? नवं स्टिकर प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून लावलं.

उरलेल्या दोघांचे खोके तपकिरी पुठ्ठ्याचे, वर काही खूण नाही. पोराने तशा खोक्यांचा ढीग फोटो काढून पाठवलाय, त्यात शंभरेक तरी असतील. सीलबंददादा, यातून कसे शोधायचे?

सीलबंद

बुकिंगला घेतलेलं वजन ग्रॅममध्ये आहे ना? ते पोराला द्या. काट्यावर लेबल नसलेले तेवढेच टाकायला सांगा, सगळे नाही. मिळतीलच असं म्हणत नाही.